ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यानांतील स्लाइड-बदल ओळखून प्रकरणे आणि शोधता येणारी रूपरेषा तयार करण्याचा अनुभव

पुण्यातील ज्या शिक्षणसंस्थेच्या ग्रंथालयात मी काम करते, तिथे २०२० आणि २०२१ या वर्षांतील ऑनलाइन वर्गांची ध्वनिचित्रमुद्रणे एका हार्ड डिस्कवर साठवून ठेवलेली होती. विद्यार्थी ती मागत असत, पण सव्वा तासाच्या फाइलमध्ये आपल्याला हवा असलेला भाग कुठे आहे हे कळायला मार्ग नसल्यामुळे दहा-पंधरा मिनिटे पुढे-मागे करून ते नाद सोडून देत. प्रत्येक फाइलला प्रकरणे पाडावीत आणि सर्व व्याख्यानांत मिळून एखादा शब्द शोधता यावा, असे काम मी जून २०२४ मध्ये हाती घेतले आणि पहिली मालिका दिवाळीनंतर विद्यार्थ्यांसाठी खुली झाली. असे काम करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने लिहीत आहे.

सुरुवात अर्थातच टिपणीने झाली. मुद्रणे संस्थेची असली तरी आवाज आणि स्लाइड प्राध्यापकांच्या असल्यामुळे प्रत्येकाची लेखी संमती घ्यावी, असा शेरा मारून कार्यालयाने टिपणी परत पाठवली. एका पानाचा संमतीचा नमुना तयार करून, त्याला आवक क्रमांक घेऊन तो विभागांत फिरवण्यात जुलै महिना गेला. निवृत्त झालेल्या दोन प्राध्यापकांकडे मी स्वतः जाऊन सह्या आणल्या. कामाला मंजुरी देताना संस्थेच्या समितीने एक अट घातली आणि ती पुढे तांत्रिकदृष्ट्याही महत्त्वाची ठरली : त्या वेळी वर्गात हजर असलेल्या विद्यार्थ्यांची नावे आणि चेहरे कोणत्याही सूचीत येता कामा नयेत. मूळ फाइलना हात न लावता काम करता यावे म्हणून दोन टेराबाइटची वेगळी डिस्क लागणार होती. तिच्यासाठी तापकीर गल्लीतील दुकानांतून तीन कोटेशने आणली, सर्वांत कमी किमतीची सुमारे साडेसहा हजारांची मंजूर झाली आणि डिस्क हातात पडेपर्यंत ऑगस्टचा मध्य उलटला. संपूर्ण कामातील थेट खर्च एवढाच, कारण वापरलेली सर्व सॉफ्टवेअरे मोफत आणि मुक्त स्रोत आहेत.

पहिल्या प्रयोगासाठी मी भूजलशास्त्राच्या मालिकेतील सातवे व्याख्यान निवडले. विषय होता दख्खनच्या बेसाल्टमधील जलधर, लांबी ७२ मिनिटे, चित्राचा आकार १२८० गुणिले ७२०. त्यातील डावीकडच्या ९६० पिक्सेलमध्ये स्लाइड आणि उजवीकडच्या ३२० पिक्सेलच्या पट्ट्यात उपस्थितांचे चेहरे व नावे अशी मांडणी होती. हे व्याख्यान निवडण्याचे कारण म्हणजे ते देणाऱ्या प्राध्यापक मॅडमच्या स्लाइडवर मराठी आणि इंग्रजी मिसळलेले होते, मुद्दे एकेक करून येत होते, मध्ये आलेख होते आणि उपसा-चाचणीची एक छोटी चित्रफीतही होती. अडचणी बहुतेक सगळ्या एकाच फाइलमध्ये सापडणार होत्या.

या कामासाठी सर्वत्र सुचवला जाणारा पहिला उपाय म्हणजे चित्रफितींवर प्रक्रिया करणाऱ्या `ffmpeg` या सॉफ्टवेअरमधील दृश्यबदलाचा निकष. दोन लागोपाठच्या चित्रांची तुलना करून तो ० ते १ मधला एक गुण देतो आणि गुण ०.३ ते ०.५ यांमधील एखाद्या मर्यादेच्या वर गेला की दृश्य बदलले असे धरावे, असे त्याची माहितीपुस्तिका सांगते. मी ०.३ ही मर्यादा ठेवून पाहिले, तेव्हा स्लाइडवरून पूर्ण पडदाभर छायाचित्रावर जाणारे बदल तेवढे सापडले आणि बाकी सर्व स्लाइड निसटल्या. चित्रपटातील कट ओळखण्यासाठी केलेला हा निकष इथे का चालत नाही, हे त्याचे गणित पाहिले की लगेच समजते. दोन चित्रांतील प्रत्येक पिक्सेलच्या उजेडातील फरकाची सरासरी हा त्याचा पाया आहे. पांढऱ्या स्लाइडवर काळी अक्षरे असतील तर शाईने व्यापलेली जागा साधारण पाच टक्के असते. जुनी अक्षरे गेली आणि नवी आली तरी फार तर दहा टक्के पिक्सेल बदलतात, आणि ० ते २५५ या मोजपट्टीवरील सरासरीला १०० ने भागून गुण निघत असल्यामुळे तो फार तर ०.२५ च्या आसपास, म्हणजे ०.३ च्या आतच राहतो. एखादा मुद्दा नव्याने उमटला तर तो ०.०२ च्या आसपास असतो. शिवाय अंतिम गुण देताना हा निकष आताचा फरक आणि आताच्या व आधीच्या फरकांमधील अंतर, या दोहोंतील लहान संख्या घेतो. त्यामुळे एका स्लाइडमधून दुसरी हळूहळू उमलत असेल तर लागोपाठचे सगळे फरक जवळजवळ सारखे असतात आणि गुण शून्याकडे जातो. पूर्ण स्लाइड बदलूनही निकषाला त्याचा पत्ता लागत नाही.

मर्यादा खाली आणून ०.०१ केली की उलटी तक्रार सुरू होते. माउसचा बाण, कोपऱ्यातील चेहऱ्याची हालचाल, चॅटची उघडणारी पट्टी असे सारे काही त्यात येते. फाइल लहान व्हावी म्हणून होणाऱ्या संकोचनाचाही एक त्रास आहे. स्लाइड बदलल्यावर अशा मुद्रणांतील चित्र आधी धूसर येते आणि सेकंद-दोन सेकंदांत स्पष्ट होत जाते, आणि पुढेही ठरावीक अंतराने पूर्ण चित्र नव्याने साठवणाऱ्या प्रत्येक की-फ्रेमला अक्षरांच्या कडा किंचित बदलतात. डोळ्यांना ते जाणवत नाही, पण वजाबाकीत दिसते. तेव्हा मर्यादेचा आकडा वर-खाली करत बसण्यापेक्षा तुलनाच वेगळ्या गोष्टीची करावी, असे ठरवले.

त्याआधी चित्रे काढण्याची पायरी सांगते, कारण समितीची अट आणि वेळेची अचूकता या दोन्ही गोष्टी इथेच सांभाळल्या जातात.

```
ffmpeg -i vyakhyan07.mp4 -vf "crop=960:720:0:0,fps=1,scale=640:-2" s/%05d.png
```

यातील `crop` मुळे उजवीकडचा पट्टा पहिल्याच टप्प्यावर कापला जातो. तो कापला नाही तर पुढे अक्षर-ओळख करताना विद्यार्थ्यांची नावेही मजकूर म्हणून वाचली जातात आणि शोधसूचीत जाऊन बसतात; समितीला नेमके हेच नको होते. कापण्याची मापे प्रत्येक मालिकेसाठी वेगळी निघतात. त्यासाठी दहाव्या मिनिटाचे एक चित्र काढून ते कोणत्याही चित्र-संपादकात उघडावे आणि कडांचे आकडे लिहून घ्यावेत. `fps=1` मुळे दर सेकंदाला एक चित्र मिळते, म्हणजे ७२ मिनिटांची ४३२० चित्रे, आणि चित्राच्या क्रमांकातून एक वजा केला की सुरुवातीपासूनचे सेकंद मिळतात. फरक पडला तर अर्ध्या-एक सेकंदाचा पडतो. सर्व चित्रे मोजून त्यांच्या संख्येला ठरावीक वेगाने भागण्याची पद्धत अशा मुद्रणांसाठी वापरू नये. ऑनलाइन सभेचे मुद्रण करणारी सॉफ्टवेअरे पडदा स्थिर असताना कमी चित्रे साठवतात, त्यामुळे वेग सतत बदलत असतो आणि तासाभराच्या फाइलच्या शेवटी ही चूक मोठी होऊ शकते. वरील आज्ञा फाइलमधील वेळेच्या नोंदींवर चालते, म्हणून तिच्यात ही अडचण येत नाही.

आता तुलनेकडे येते. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, गणपतीच्या सुट्टीच्या आधी, मी मॅडमबरोबर बसून ते व्याख्यान पाहिले आणि नवीन स्लाइड कशाला म्हणायचे हे ठरवून घेतले. ‘बेसाल्टचे दोन प्रकार’ या स्लाइडवर शीर्षक ४:१२ ला येते, त्यानंतर घट्ट बेसाल्ट, सच्छिद्र बेसाल्ट, त्यांमधील लाल बोलचे थर असे पाच मुद्दे एकेक करून उमटतात आणि शेवटचा मुद्दा ७:४० ला येतो. विद्यार्थ्याच्या दृष्टीने ही एकच स्लाइड आहे. तिची सुरुवात ४:१२ ची धरली पाहिजे, पण तिचा पूर्ण मजकूर मात्र ७:४० नंतरच्या चित्रातच मिळतो. वेळ पहिल्या अवस्थेची आणि मजकूर शेवटच्या अवस्थेचा, हा नियम पुढच्या सर्व कामाचा आधार झाला.

मग प्रश्न असा उरतो की मुद्दा वाढला आणि स्लाइड बदलली यांतील भेद यंत्राने कसा ओळखायचा. मुद्दा वाढतो तेव्हा आधीची शाई जागच्या जागी राहते आणि नवी शाई तिच्यात भर घालते. स्लाइड बदलते तेव्हा आधीची शाई नाहीशी होते. म्हणून एकूण किती बदल झाला हे न मोजता, आधीच्या शाईपैकी किती हरवली तेवढेच मोजायचे. पायथन आणि ओपनसीव्ही वापरून हा भाग फार लहान होतो.

```python
import cv2, numpy as np
K = np.ones((5, 5), np.uint8)

def ink(gray):
    return cv2.adaptiveThreshold(gray, 255, cv2.ADAPTIVE_THRESH_MEAN_C,
                                 cv2.THRESH_BINARY_INV, 31, 12)

def lost(a, b):
    gone = cv2.bitwise_and(a, cv2.bitwise_not(cv2.dilate(b, K)))
    return np.count_nonzero(gone) / max(np.count_nonzero(a), 1)
```

`ink` प्रत्येक पिक्सेलची तुलना त्याच्या आसपासच्या सरासरीशी करते, त्यामुळे पार्श्वभूमीला छटा असली तरी अक्षरे वेगळी निघतात. गडद स्लाइडवर पांढरी अक्षरे असतील तर अक्षरांऐवजी त्यांच्या भोवतीची कडा मिळते, पण तुलनेसाठी तीही पुरते. `lost` मध्ये नव्या चित्रातील शाई दोन-दोन पिक्सेलने फुगवून घेतली आहे, म्हणजे संकोचनामुळे कडा किंचित सरकली तर ती हरवली असे मोजले जात नाही. माउसच्या बाणाने एखादे अक्षर झाकले तरी एकूण शाईच्या मानाने ते नगण्य असते. शिकवताना मॅडम पेनने स्लाइडवर खुणा करतात, ती नुसती भर असल्याने नवीन स्लाइड म्हणून मोजली जात नाही, हा या पद्धतीचा अनपेक्षित फायदा.

तुलना मात्र लागोपाठच्या चित्रांची करायची नाही. शेवटच्या स्थिर अवस्थेचे चित्र हाताशी ठेवायचे. नवे चित्र त्याहून वेगळे दिसले की ती वेळ टिपून ठेवायची आणि लागोपाठ तीन चित्रे एकमेकांशी जुळेपर्यंत थांबायचे. ती जुळली की जुन्या स्थिर अवस्थेतून किती शाई हरवली ते मोजायचे. या थांबण्यामुळे हळूहळू उमलणारी स्लाइड आणि सुरुवातीचा धूसरपणा हे दोन्ही प्रश्न एकदमच मिटतात, आणि वेळ मात्र बदल सुरू झाल्याचीच राहते.

एक गोष्ट मात्र आधी काढून टाकावी लागली. संस्थेच्या स्लाइडच्या साच्यात वर बोधचिन्ह, खाली पट्टी आणि बाजूला नक्षी आहे आणि ही शाई कधीच हरवत नाही. ज्या स्लाइडवर मजकूर थोडा असतो तिथे साच्याची शाईच जास्त भरते आणि पूर्ण स्लाइड बदलूनही निम्मीच शाई हरवल्याचे दिसते. त्यासाठी सर्व ४३२० चित्रांतील शाई एकावर एक ठेवून, ऐंशी टक्क्यांहून अधिक चित्रांत जिथे शाई आहे ते पिक्सेल साच्याचे समजून वगळले. पूर्ण व्याख्यानाच्या ऐंशी टक्के वेळ एकच स्लाइड दाखवलेली असेल तर ही युक्ती फसेल, पण अशा व्याख्यानाला प्रकरणे पाडण्याचीही गरज नसते.

मर्यादा ठरवण्यासाठी हरवलेल्या शाईच्या सर्व मूल्यांचा स्तंभालेख काढला. बहुतेक मूल्ये ०.०८ च्या खाली किंवा ०.६ च्या वर होती आणि मधला भाग जवळजवळ रिकामा होता, म्हणून मर्यादा ०.४ ठेवली. दुसऱ्या कोणाच्या मुद्रणांना हाच आकडा लागू पडेल असे समजू नये. एका व्याख्यानाचा स्तंभालेख काढून मधली दरी कुठे आहे ते पाहावे. दरी दिसतच नसेल तर साचा वगळला गेला नाही किंवा कापणी चुकली, असे बहुधा निघते.

पद्धत कितपत बरोबर आहे हे तपासण्यासाठी मी तेच व्याख्यान सलग पाहत प्रत्येक बदलाची वेळ हाताने वहीत लिहिली. हे कंटाळवाणे काम एकदा तरी करावेच, कारण त्याशिवाय आपण सुधारतो आहोत की बिघडवतो आहोत हे कळत नाही. मूळ संचात ३८ स्लाइड होत्या, पण मॅडम काही वेळा मागच्या स्लाइडवर गेल्या असल्यामुळे एकूण बदल ४४ भरले. यंत्राने ४७ बदल दाखवले आणि तीन सेकंदांची सूट धरून त्यांतील ४२ माझ्या नोंदींशी जुळले. जास्तीचे पाचही बदल उपसा-चाचणीच्या चित्रफितीतले होते, कारण तिथे चित्र मध्येच तीन सेकंद स्थिर राहत होते आणि मग पुन्हा हलू लागत होते. ज्या मिनिटात एकाहून अधिक बदल येतात आणि वाचता येण्याजोगा मजकूर मिळत नाही, तिथले सर्व बदल एकत्र करून चित्रफीत म्हणून एकच नोंद ठेवावी, असा नियम घातल्यावर ते गेले. न सापडलेले दोन बदल दोन आलेखांचे होते. एकाच अक्षांवर आधी उन्हाळ्यातील आणि मग पावसाळ्यानंतरची पाण्याची पातळी दाखवली होती. अक्ष, आकडे, शीर्षक सगळे तसेच आणि बदलली ती एक रेघ. चित्राचे छोटे चौकोन पाडून प्रत्येकातील हरवलेली शाई वेगळी मोजली तर हे बदल पकडता येतात, पण मग पुसल्या जाणाऱ्या पेनच्या खुणाही नवीन स्लाइड म्हणून मोजल्या जाऊ लागतात. शीर्षक सारखेच असल्याने प्रकरणांत काही फरक पडत नव्हता, म्हणून ते दोन बदल मी तसेच सोडून दिले.

मागे जाण्याबद्दल मॅडमनी विचारले, “मी विद्यार्थ्यांच्या शंकेमुळे परत आधीच्या स्लाइडवर गेले, तेही त्यात दाखवायचे का? उगाच गोंधळ वाटेल.” माझे मत उलटे होते. शंका विचारली गेली ती जागा पुष्कळदा सर्वांत उपयोगाची असते. शेवटी असे ठरले की परत आलेली स्लाइड आधीच्या स्लाइडशी जुळवून, रूपरेषेत त्याच नावापुढे दुसरी वेळ लिहायची. नवे प्रकरण मात्र पाडायचे नाही. जुळवण्यासाठी वेगळे काही लागत नाही, कारण दोन्ही दिशांनी `lost` अगदी कमी आले की स्लाइड तीच असते.

यानंतरचा टप्पा मजकूर वाचण्याचा. टेसरॅक्ट हे अक्षर-ओळखीचे सॉफ्टवेअर मराठी वाचते, मात्र मराठीची विदा-फाइल वेगळी बसवावी लागते. लहान केलेली चित्रे इथे उपयोगी नाहीत. प्रत्येक स्लाइडच्या शेवटच्या स्थिर अवस्थेचे चित्र मूळ फाइलमधून पूर्ण आकारात पुन्हा काढले, तेही कापूनच, आणि दुप्पट मोठे करून दिले. ७२० ओळींच्या चित्रात जोडाक्षरे आणि काने-मात्रे इतके बारीक येतात की मोठे न करता दिल्यास रफार आणि अनुस्वार गळतात.

```
sudo apt install tesseract-ocr tesseract-ocr-mar
tesseract s07_0460.png s07_0460 -l mar+eng --psm 6 tsv
```

`tsv` या प्रकारात प्रत्येक ओळीची जागा व उंची आणि प्रत्येक शब्दाबद्दलचा विश्वासाचा आकडा मिळतो. चित्राच्या वरच्या तृतीयांशातील सर्वांत उंच ओळ म्हणजे शीर्षक, असा नियम ठेवला. उंची ओळीचीच घ्यावी, शब्दाची घेऊ नये, कारण मराठीत वेलांटी आणि उकार असलेला शब्द शेजारच्या शब्दापेक्षा उंच भरतो आणि भलताच शब्द शीर्षक ठरू शकतो. साठच्या खाली विश्वास असलेले शब्द सूचीतून वगळले. आलेखांच्या रेघा आणि पेनच्या खुणा यांतून निघणारी निरर्थक अक्षरे त्यामुळे बरीचशी गेली.

इथे कोणी विचारेल की मूळ सादरीकरणाच्याच फाइल घेतल्या असत्या तर वाचण्याचा खटाटोप कशाला हवा होता. त्या मी मागितल्या होत्या. काही मिळाल्या, काही दरम्यान बदललेल्या होत्या आणि बऱ्याच फाइलमधील मराठी मजकूर युनिकोडपूर्व फाँटांत होता. तो पडद्यावर नीट दिसतो, पण त्यातून मजकूर काढला की रोमन अक्षरांची भेळ हाती येते. जिथे युनिकोडमधील अचूक संच मिळाला, तिथे त्याच्या पानांची चित्रे करून वरच्याच पद्धतीने स्लाइडशी जुळवली आणि शीर्षके थेट तिथून घेतली. ज्यांना ही सोय आहे त्यांनी ती जरूर वापरावी, कारण वेळ मुद्रणातून आणि शब्द मूळ संचातून घेतल्यास तपासणीचे काम निम्म्याने कमी होते.

स्लाइड म्हणजे प्रकरण नव्हे, हेही ठरवावे लागले. लागोपाठच्या स्लाइडची शीर्षके सारखी असतील, किंवा शेवटी ‘पुढे चालू’ अथवा क्रमांक एवढाच फरक असेल, तर त्यांचे एक प्रकरण केले. नुसते शीर्षक असलेली स्लाइड आली की तिथून नवे प्रकरण धरले. सातव्या व्याख्यानाची अशी ११ प्रकरणे झाली आणि त्यांच्या पोटात सर्व स्लाइड रूपरेषेच्या दुसऱ्या पायरीवर राहिल्या. फाइलमध्येच प्रकरणे घालण्यासाठी पुढील स्वरूपाची मजकूर-फाइल लागते आणि वेळ इथे मिलिसेकंदांत लिहायची असते.

```
;FFMETADATA1
[CHAPTER]
TIMEBASE=1/1000
START=252000
END=731000
title=बेसाल्टचे दोन प्रकार
```

```
ffmpeg -i vyakhyan07.mp4 -i prakarane.txt -map_metadata 1 -map_chapters 1 -c copy purna07.mp4
```

`-c copy` मुळे चित्र आणि आवाज पुन्हा संकोचले जात नाहीत, काम काही सेकंदांत होते आणि मूळ गुणवत्ता तशीच राहते. यूट्यूबवर चढवायचे असेल तर हीच यादी वर्णनात वेळ आणि नाव अशी लिहावी लागते. पहिली वेळ 0:00 असली पाहिजे, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने असल्या पाहिजेत आणि कोणतेही प्रकरण दहा सेकंदांपेक्षा लहान चालत नाही. अशी लहान प्रकरणे आधीच्या प्रकरणात मिळवून टाकण्याची सोय मी आधीच करून ठेवली.

शोधसूचीसाठी एसक्यूलाइट या विदागार-सॉफ्टवेअरमधील पूर्ण-मजकूर शोधाची सोय वापरली, आणि मराठीत काम करणाऱ्या प्रत्येकाला सांगावी अशी गोष्ट इथे आहे. या सोयीत शब्द तोडण्याचा जो मूळ नियम आहे तो अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. आपले काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि हलन्त हे युनिकोडमध्ये ‘खूण’ या वेगळ्या वर्गात येतात, त्यामुळे ते शब्दांमधील मोकळ्या जागेसारखे समजले जातात. परिणामी ‘पाणी’ हा शब्द प आणि ण असा दोन तुकड्यांत साठवला जातो, आणि ‘पुणे’ हाही तसाच. चाचणीच्या दिवशी ‘पाणी’ शोधल्यावर पुणे जिल्ह्याच्या नकाशाची स्लाइड समोर आली ती याच कारणाने. सारणी तयार करतानाच खुणांचे वर्ग शब्दात घ्यायला सांगितले की हे थांबते.

```sql
CREATE VIRTUAL TABLE slides USING fts5(
  vyakhyan UNINDEXED, vel UNINDEXED, shirshak, majkur,
  tokenize = "unicode61 categories 'L* N* Co Mn Mc'"
);
```

दुसरी बाब लेखनाची. ॲ हे अक्षर एका संकेतांकानेही लिहिता येते आणि अ वर चंद्र देऊन दोन संकेतांकांनीही. दिसायला दोन्ही सारखी असली तरी संगणकाला ती वेगळी असतात आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. मजकूर साठवताना आणि शोधशब्द घेताना, दोन्ही वेळी एकच रूप करून घ्यावे. विभक्तीसाठी मात्र मी काही मोठे केले नाही. शोधशब्दापुढे तारका देऊन `जलधर*` असे शोधले की जलधराची, जलधरांमध्ये ही रूपे सापडतात. ‘पाणी’चे सामान्यरूप ‘पाण्या’ होत असल्याने तिथे `पाण*` असे शोधावे लागते, आणि हे शोधपानावर एका ओळीत लिहून ठेवले आहे.

ऑक्टोबरमध्ये पूर्ण मालिका या पद्धतीने लावली. ग्रंथालयातील जुन्या संगणकावर एका व्याख्यानाची चित्रे काढायला काही मिनिटे लागत आणि बाकीचे काम त्याहून लवकर होई; वेळ जातो तो शीर्षके हाताने तपासण्यात. एका प्राध्यापकांच्या स्लाइडवर नवा मुद्दा आला की आधीचे मुद्दे फिकट होत असत, आणि फिकट अक्षरे शाईत न आल्यामुळे प्रत्येक मुद्दा नवीन स्लाइड ठरत होता. त्यांच्यासाठी वरच्या भागातील शीर्षकाची शाई तशीच असेल तर स्लाइड तीच समजावी, अशी जोड दिली आणि मजकूर एका अवस्थेऐवजी सर्व अवस्थांतून गोळा केला. तपासणीसाठी द्वितीय वर्षाच्या दोन विद्यार्थिनींना ‘कमवा आणि शिका’ योजनेतून काम देता आले, मात्र त्यासाठी दिवाळीच्या सुट्टीपूर्वी आणखी एक टिपणी लिहावी लागली.

वर्गात मागे कॅमेरा ठेवून केलेली मुद्रणे मी या कामातून सध्या बाहेर ठेवली आहेत. तिथे पडदा तिरका दिसतो, शिक्षक त्याच्या पुढून चालतात आणि दिवे लावले की सगळीच शाई पुसट होते. पडद्याचे चार कोपरे देऊन चित्र सरळ करणे आणि सहा-सात सेकंदांच्या चित्रांचा मध्यक घेऊन चालणारी व्यक्ती नाहीशी करणे, एवढे करून पाहिले आहे. शिक्षक एका जागी उभे राहून बोलू लागले की मध्यकातही तेच उरतात आणि त्यांच्या मागचा मजकूर हरवल्याचे मोजले जाते. त्या फाइलसाठी सध्या स्लाइड-बदलाच्या वेळा हाताने लिहून घेण्याचेच काम सुरू आहे.